वरच्या खोलीत पंखा लावला की आरसीसीबी पडते: इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनीतलं चुकलेलं न्यूट्रल

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. जंगलातून आलेली लाइन, वर झाडं, त्यात जून-जुलैचा पाऊस. फांदी पडली की रात्र अंधारात. म्हणून तिकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि बहुतेक घरांत ते सगळ्या घराला न जोडता दोन-तीन खोल्यांनाच जोडलेले आहेत. हे बरोबरच आहे. गिझर, मोटार, फ्रिज त्या लाइनीवर चढले की बॅटरी तासाभरात बसते. पण ही वेगळी लाइन काढताना एक चूक इतक्या घरांत होते, की गेल्या दोन पावसाळ्यांत मी ती सात-आठ ठिकाणी तरी दुरुस्त केली. त्यातलं एक घर सविस्तर सांगतो, कारण तिथे मीसुद्धा एकदा फसलो.

निवृत्त मास्तरांचं दुमजली घर. खालचा मजला जुना, वरचा नंतर चढवलेला. जिन्याखाली ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. त्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि वरची मुलाची खोली. हे काम चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वायरमननं केलेलं, आणि चार वर्षं त्याची काही तक्रार नव्हती. यंदा उन्हाळ्यात वॉशिंग मशीनचा झटका बसला म्हणून मास्तरांनी दोन्ही मजल्यांच्या डीबीत, म्हणजे वायरी वाटणाऱ्या पेटीत, ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारे स्विच, बसवून घेतल्या. तिथून कटकट सुरू झाली.

"अहो, रोज पडत नाही की ती. शनिवार-रविवारीच पडत्या," मास्तर फोनवर म्हणाले.

"म्हणजे काय मास्तर, तिला वार कळतोय होय?"

"ते तुम्ही बघा. वर आणि एक. लाईट येऊन जाते, शेजाऱ्यांच्या ट्यूबा पेटतात, आणि आमचा इन्व्हर्टर सकाळपर्यंत बॅटरीवरच. गेल्या रविवारी फ्रिजमधलं दूध नासलं, बॅटरी उतरली ती वेगळीच."

खालची आरसीसीबी दोनदा बदलून झाली होती. इन्व्हर्टर बेळगावला नेऊन तपासून आणला, त्यात काही निघालं नाही. मग कुणीतरी सांगितलं की आरसीसीबीच काढून टाका, इन्व्हर्टरच्या घरात ती चालतच नाही. हा सल्ला मी बऱ्याच ठिकाणी ऐकलाय. तो चुकीचा आहे, आणि झटका बसून गेलेल्या घरात तर धोक्याचा आहे. आरसीसीबी तिचं काम नेमकं करत होती.

शनिवार-रविवारचं कोडं तिथे गेल्यावर पाच मिनिटांत सुटलं. मुलगा पुण्याला नोकरीला, तो सुट्टीला आला की वरची खोली उघडायची. एरवी तिथे फक्त अर्ध्या वॅटचा झिरो दिवा. मी मास्तरांना म्हटलं, वर जाऊन पंखा लावा. त्यांनी बटण दाबलं आणि खाली खट्ट झालं. परत चढवली, पुन्हा पंखा लावला, या वेळी वरची आरसीसीबी पडली. कधी ही, कधी ती. झिरो दिव्यावर मात्र दोन्ही शांत. इथे आजार जवळजवळ कळला होता.

आरसीसीबी काय बघते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर ती गप्प बसते. फरक पडला की तिला वाटतं करंट कुठेतरी जमिनीत, म्हणजे कदाचित माणसाच्या अंगातून, गेला. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी साधारण १५ ते ३०च्या मध्ये कुठेतरी पडते. अर्ध्या वॅटचा दिवा दोन-चार मिलिअ‍ॅम्पिअर घेतो, म्हणून तो खपून जातो. सत्तर वॅटचा पंखा मात्र ३०० घेतो. मर्यादेच्या दहापट. म्हणजे पंख्याचा सगळाच करंट एका वाटेनं जात होता आणि दुसऱ्या वाटेनं परत येत होता.

ती दुसरी वाट अशी. इन्व्हर्टरचा प्लग खालच्या डीबीवरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे त्याला फेज आणि न्यूट्रल खालच्या आरसीसीबीतून येतं. पूर्वीच्या वायरमननं इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून एकच लाल वायर पाइपातून वर नेली आणि वरच्या खोलीच्या बोर्डात फेजच्या जागी लावली. न्यूट्रल तिथलं तिथेच ठेवलं, आणि ते होतं वरच्या डीबीचं. आमच्याकडे याला "एकतारी" काम म्हणतात. वायर वाचते, पाइपात गर्दी होत नाही, दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. आरसीसीबी नव्हती तोवर दोन्ही न्यूट्रल पुढे मेन स्विचवर एकच होत होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आरसीसीबी बसल्यावर खालचीला दिसतं की ३०० गेले आणि परत आले नाहीत. वरचीला दिसतं की ३०० न जाताच परत आले. दोघींचं बरोबर, जी आधी पडेल ती.

लाईट गेल्यावर हे थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये आतली रिले फक्त फेज बदलते आणि न्यूट्रल इनपुटपासून आउटपुटपर्यंत सरळ जोडलेलं असतं. त्यामुळे बॅटरीवर चालतानाही करंट पंख्यातून वरच्या न्यूट्रलवर जातो, वरच्या आरसीसीबीतून मेनपर्यंत, आणि तिथून खालच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून इन्व्हर्टरकडे. मेनवर लाईट नसतानाही आरसीसीबी पडते ती अशी. आणि मास्तरांचं दूध नासलं तेही इथेच. अंधारात खालची आरसीसीबी पडली, कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हॉल आणि स्वयंपाकघर इन्व्हर्टरवर चालूच होतं. लाईट आली तरी पडलेल्या आरसीसीबीमुळे इन्व्हर्टरपर्यंत पोचलीच नाही. तो बिचारा रात्रभर बॅटरी ओढत बसला, आणि फ्रिज बंदच राहिला. तुमच्याकडे लाईट आल्यावरही इन्व्हर्टर बॅटरीवरून उतरत नसेल, तर मशीन उचलायच्या आधी आरसीसीबीचा दांडा वर आहे का ते बघा.

काही मशीनमध्ये रिले दोन्ही तारा तोडते. तिथे लक्षण वेगळं दिसतं. लाईट असताना आरसीसीबी पडते, आणि लाईट गेल्यावर उसन्या न्यूट्रलच्या खोलीत दिवा लागतच नाही, कारण करंटला परत यायला वाटच नसते. आजार तोच.

अंदाज बरोबर असला तरी वायर कापायच्या आधी तो सिद्ध करावा. इथे एक गोष्ट नवीन पोरं विसरतात. मेन बंद केलं की इन्व्हर्टर चालू होतो. साध्या घरात मेन पाडलं की काम सुरक्षित, इन्व्हर्टरच्या घरात मेन पाडलं की बोर्डात २३० व्होल्ट बॅटरीतून येतात. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा इनपुट आणि आउटपुट दोन्ही प्लग काढलेले, बॅटरीची एक वायर सोडलेली, मग मेन बंद, दोन्ही आरसीसीबी खाली. नंतर मल्टिमीटर लावून बोर्डात खरंच काही नाही याची खात्री. टेस्टरवर माझा एवढ्यासाठी भरवसा नाही.

दोन्ही आरसीसीबी खाली असल्या की खालचं न्यूट्रल आणि वरचं न्यूट्रल एकमेकांपासून तुटतात, कारण आरसीसीबी दोन्ही तारा तोडते. मग खोलीतले दिवे-पंखे बटणावर बंद करायचे, चार्जर वगैरे काढायचे, नाहीतर दिव्यातून किंवा पंख्याच्या वळ्यातून मीटर खोटं बोलतो. मीटरचं एक टोक वरच्या बोर्डातल्या काळ्या वायरवर, दुसरं लांब वायर जोडून खालच्या डीबीच्या न्यूट्रल पट्टीवर. बीप नाही. तेच टोक वरच्या डीबीच्या न्यूट्रल पट्टीवर. बीप. म्हणजे खोलीची फेज खालून इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल वरच्या डीबीचं. आता कुणी वाद घालायचं कारण नाही.

ज्या घरात अजून आरसीसीबी नाही तिथे हेच क्लॅम्प मीटरनं कळतं. खोलीचा पंखा चालू ठेवून इन्व्हर्टरच्या आउटपुटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायच्या. बरोबर काम असेल तर शून्याच्या आसपास दिसतं, उसनं न्यूट्रल असेल तर पंख्याचा सगळा ०.३ अ‍ॅम्पिअर दिसतो. आरसीसीबी बसवायला जाताना हे आधी बघितलं तर गिऱ्हाइकाचे तीन महिने वाचतात. मास्तरांकडे आरसीसीबी बसवली ती माझ्याच ओळखीच्या पोरानं. त्याला मी नंतर एवढंच विचारलं, "क्लॅम्प गाडीतच होता न्हवं?"

आता दुरुस्ती. सोपा मार्ग म्हणजे वरच्या खोलीला एक काळी वायर खालून ओढायची आणि वरच्या डीबीचं न्यूट्रल त्या बोर्डातून काढायचं. तेवढ्यानंही आरसीसीबी पडायची थांबली असती. पण मला तो इन्व्हर्टर खालच्या आरसीसीबीवर लटकलेला नको होता, कारण उद्या वॉशिंग मशीननं खालची आरसीसीबी पाडली तर पुन्हा रात्रभर बॅटरी उतरणारच. म्हणून बॅकअपची लाइन मुळापासून वेगळी केली.

मेन स्विचच्या लगेच पुढून, दोन्ही आरसीसीबींच्या आधी, १६ अ‍ॅम्पिअरची दोन पोलची एमसीबी लावली आणि तिथून २.५ स्क्वेअरच्या वायरीनं इन्व्हर्टरचा स्वतंत्र सॉकेट. आउटपुट एका छोट्या डीबीत आणला. त्यात २५ अ‍ॅम्पिअर, ३० मिलिअ‍ॅम्पिअरची एक आरसीसीबी आणि पुढे ६ अ‍ॅम्पिअरच्या दोन एमसीबी, एक खालच्यासाठी, एक वरच्यासाठी. या डीबीची न्यूट्रल पट्टी स्वतःची, आणि तिच्यावर मार्करनं "इन्व्हर्टर न्यूट्रल, इतर काही जोडू नये" असं लिहिलं. प्रत्येक निवडलेल्या खोलीला इथून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जोडीनं, १.५ स्क्वेअरच्या वायरीनं, आणि सोबत अर्थिंग. या रचनेत इन्व्हर्टरच्या डब्याला स्वतःला आरसीसीबीचं संरक्षण नाही, हे मान्य. म्हणून त्याचं अर्थिंग नीट तपासून घ्या. पिनेला हिरवी वायर लावली म्हणजे झालं असं नाही, ती खड्ड्यापर्यंत पोचली पाहिजे.

वेगळा ऑटोमॅटिक चेंजओव्हर विकत घ्यावा का, असं मास्तरांनी विचारलं. गरज नाही. इन्व्हर्टरच्या आतली रिले तेच करते, आणि यूपीएस मोडवर इतक्या पटकन करते की राउटर बंद पडत नाही. मी बाहेर लावला तो हातानं फिरवायचा दोन पोलचा चेंजओव्हर, मध्ये बंद असलेला, आणि तोसुद्धा इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर बॅकअपच्या खोल्या सरळ मेनवर घ्यायला. तो नसला की लोक काय करतात ते मी बघितलंय. इन्व्हर्टर गेला, अंधार नको, म्हणून मेनची फेज आणि इन्व्हर्टरची फेज बोर्डात एकत्र पिळून टेप लावतात. महिन्यानं मशीन परत येतं, टेप कुणाच्या लक्षात नसते. मग इन्व्हर्टरच्या आउटपुटवर मागून मेन येऊन मशीन जळतं, किंवा लाईट गेल्यावर इन्व्हर्टर उलटा सगळ्या घराला आणि पुढे सर्व्हिस लाइनला वीज द्यायला बघतो. पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनचा तो जीवघेणा धोका आहे.

आता या कामातला खरा त्रास. बॅकअपची वेगळी फेज काढणं सोपं असतं, कारण फेज बोर्डातच कळते. न्यूट्रल मात्र जुन्या घरात छतातल्या जंक्शन बॉक्समधून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत गेलेलं असतं. मास्तरांच्या हॉलच्या बोर्डात पाच पॉइंट इन्व्हर्टरवर आणि इस्त्रीचा सॉकेट मेनवर. दोघांचं न्यूट्रल एकाच काळ्या गाठीत. ती गाठ सोडून दोन केल्या, तरी मल्टिमीटर दोन्हींत बीप देत राहिला. शोधल्यावर कळलं की व्हरांड्याच्या दिव्याचं न्यूट्रल छतातून हॉलच्या पंख्याच्या गाठीवर आलंय. व्हरांडा मेनवर. तिथे पाइपात जागाच नव्हती, म्हणून शेवटी व्हरांड्याचा दिवाच बॅकअपवर घेतला. नऊ वॅटचा दिवा, बॅटरीला कळणारसुद्धा नाही. मूळ आराखडा बिघडला, पण भिंत फोडायची वाचली. कधी कधी खोली निवडायची नसते, न्यूट्रल कुठे जातंय त्यावरून ती निवडली जाते.

वरच्या खोलीला लाल वायर होतीच, तिच्या सोबतीला काळी ओढली. पाइप भरलेला होता म्हणून जिन्याच्या कोपऱ्यातून केसिंग पट्टी मारून नेली. वहिनींना ती पट्टी अजून आवडलेली नाही.

लोडचंही बघून घेतलं. तीन पंखे, पाच दिवे, टीव्ही, राउटर, सगळं मिळून ३५० ते ३७५ वॅट. ८५० व्हीएच्या मशीनला हे आरामात. बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास, पण इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण उतरू न देणं धरलं तर हाताशी ११००-१२०० समजा. सगळं एकदम चालू असेल तर तीन तास, रात्री दोन पंखे आणि एक दिवा असेल तर सात-आठपर्यंत.

संध्याकाळी पाचला काम संपलं. तिन्ही आरसीसीबी पाडून बॅकअपचं न्यूट्रल आणि घरातली बाकीची दोन न्यूट्रल यांच्यात मीटर लावला, कुठेही बीप नाही. लाईट चालू, निवडलेल्या खोल्यांतले सगळे पंखे, दिवे चालू, तिन्ही आरसीसीबी उभ्या. मेन पाडलं, इन्व्हर्टरनं तीन खोल्या धरल्या, आणि मेन स्विचच्या घराकडच्या टोकांवर मीटर लावून उलटी वीज येत नाही ना ते बघितलं. तिथे शून्य यायलाच पाहिजे. दर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते हेही बघितलं. मास्तरांनी चहा सांगितला. मी गाडीत सामान भरतोय तोवर आतून खट्ट आवाज आला, आणि मागोमाग वहिनींचा. "अहो, परत पडली की ओ!"

वहिनी दिवाबत्ती करून वर जायला निघाल्या होत्या. त्यांनी जिन्याच्या दिव्याचं बटण दाबलं होतं.

जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन्ही बाजूंनी लागणारा. असं दोन-तोंडी कनेक्शन दोन मजल्यांत विभागलेलं असतं, हे मला वीस वर्षांत शंभरदा दिसलंय, आणि तरी तो माझ्या निवडलेल्या खोल्यांच्या यादीत नव्हता म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही. खालचं बटण हॉलच्या बोर्डात, म्हणजे फेज आता बॅकअपची. दिव्याचं न्यूट्रल वरच्या डीबीतून. तेच दुखणं, नऊ वॅटमध्ये. पण नऊ वॅटचा एलईडीसुद्धा चाळीसच्या वर मिलिअ‍ॅम्पिअर घेतो, आरसीसीबीला तेवढं पुरतं. आणि मीटरनं मला आधी का सांगितलं नाही? कारण दिवा बटणावर बंद होता. न्यूट्रल न्यूट्रलला चिकटलेलं नव्हतं, दिव्यातून फेज चुकीच्या न्यूट्रलवर जात होती. असली चूक बीपनं सापडत नाही, प्रत्येक बटण एकेक करून दाबल्यावरच सापडते. तेव्हापासून मी शेवटी घरातलं एकूण एक बटण दाबून बघतो, देवघर, जिना, बाथरूम, घंटी, गच्चीवरचा दिवा, आधी लाईटवर आणि मग मेन पाडून.

जिन्याच्या दिव्याचं न्यूट्रल वरच्या डीबीतून सोडून केसिंगमधल्या नव्या काळ्या वायरीवर घेतलं. दहा मिनिटांचं काम. वहिनींनी स्वतः चारदा खालून आणि चारदा वरून बटण दाबलं.

नंतर आषाढात तिकडे दोन रात्री सलग लाईट नव्हती, मुलगाही आलेला होता. मास्तरांचा फोन आला तो पट्टीबद्दल. भिंतीच्या रंगाची मिळेल का, वहिनी विचारतायत.